फोटोवरून फिटिंग पारखताना: सुरकुती कुठून निघते ते आधी बघा

प्रश्न: धाकट्या भावाने साखरपुड्यासाठी सूट शिवलाय. ट्रायलचे दोन फुल फोटो पाठवलेत. एक त्याने स्वतः आरशात काढलेला आणि एक मित्राने समोरून काढलेला. दोन्ही फोटोंत कोटाची डावीकडची कड खाली उतरलेली दिसते, काखेपाशी तिरप्या सुरकुत्या आहेत, आणि मित्राच्या फोटोत कोट फारच लांब वाटतो. टेलर म्हणतो, "इस्त्री केली की जाईल." फोटोवरून नक्की काय ते कसं ओळखायचं? त्याच समारंभासाठी माझी साडी आणि वडिलांचा कुर्ता आहे, त्यांनाही हेच लागू होतं का?

उत्तर:

दोन्ही फोटोंत उतरलेली बाजू तुम्हाला डावी दिसते, पण ती एकच बाजू नाही. पुरुषांच्या कोटाला छातीवरचा खिसा डाव्या बाजूला असतो, तो दोन्ही फोटोंत शोधा. मित्राने काढलेल्या फोटोत तो तुमच्या उजव्या हाताला दिसेल, आरशातल्या फोटोत डाव्या हाताला. म्हणजे आरशातल्या फोटोत उतरलेली कड भावाच्या खऱ्या डाव्या बाजूची आहे आणि मित्राच्या फोटोत खऱ्या उजव्या बाजूची. दोन फोटो एकमेकांना दुजोरा देतायत असं वाटतं खरं, पण ते एकमेकांच्या विरुद्ध बोलतायत.

हे आधी सांगतोय कारण लांबून फोटो पाहून "डावा खांदा उचला" असा निरोप गेला आणि टेलरने तो इमानेइतबारे पाळला, की चांगला खांदा बिघडतो आणि वाईट तसाच राहतो. फोटोवरून बाजू सांगताना "खिशाकडची" किंवा "खिशाच्या विरुद्ध" असंच सांगावं. साडीत तेच काम पदर करतो. नेहमीच्या पद्धतीने नेसलेल्या साडीचा पदर डाव्या खांद्यावर असतो. सेल्फी कॅमेऱ्याचे फोटोही काही फोन उलटे करून ठेवतात, त्यामुळे ही खूण तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता आरशातला फोटो. फोन धरायला भावाने एक हात वर घेतला असणार, आणि तुमच्या वर्णनावरून तो उजवा असावा. हात वर गेला की मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात तो गोल भाग, वर ओढला जातो, त्याच्यामागे कोटाची ती बाजू सगळीच वर येते आणि दुसरी बाजू आपोआप खाली आल्यासारखी दिसते. बटणापासून काखेकडे जाणाऱ्या ताणाच्या रेघाही हात वर असला की येणारच. कितीही चांगला शिवलेला कोट या स्थितीत वाईटच दिसतो. आरशातला फोटो रंग आणि एकंदर रूप बघायला ठीक, फिटिंगसाठी तो बाजूला ठेवा.

राहिला मित्राचा फोटो. त्यातली लांबी सोडून द्या, ती बहुधा फोनची करामत आहे. माणसापासून पाच फुटांवर उभं राहून फोन डोळ्यांच्या उंचीवर धरला तर चेहरा पाच फुटांवर असतो आणि पावलं साधारण सात फुटांवर. पावलं फ्रेममध्ये यावीत म्हणून फोन किंचित खाली झुकवला जातो, मग वरचं सगळं मोठं आणि खालचं आखूड येतं. पाय आखूड दिसले की कोट लांब वाटतो. तेरा फुटांवरून हाच हिशेब तेरा आणि चौदाचा होतो, फरक जवळजवळ उरत नाही. म्हणून बारा-तेरा फूट लांब उभं राहायचं, फोन पट्ट्याच्या उंचीवर, भिंतीला समांतर, सरळ उभा धरायचा आणि गरज पडली तर झूम करायचं. जवळ जाऊन रुंद कोनातला कॅमेरा वापरायचा नाही. मागे दाराची चौकट असली तर उत्तम. चौकट वाकडी आली तर फोन कलला होता किंवा बारीक दाखवणारा फिल्टर चालू होता हे लगेच कळतं. असा फोटो आला की मग लांबी मोजा. कोटाची कड साधारणपणे कॉलरच्या मुळापासून जमिनीपर्यंतच्या अंतराच्या निम्म्यावर यावी आणि बसायचा भाग झाकला जावा. हल्ली आखूड कोटाची फॅशन आहे, त्यामुळे इंचभर वर असेल तर ती आवड म्हणता येईल. खाली असेल तर मात्र टेलरशी बोला.

लांबी फोनने बिघडवली, तशी एका बाजूची उतरलेली कड मात्र तो सहसा बिघडवत नाही. इथे खरी तपासणी सुरू होते.

कापडावर दिसणाऱ्या रेघा दोन जातींच्या असतात. एक ताणाची: बारीक, धारदार, एका जागेतून निघून पसरणारी. कापड जिथे कमी पडतं तिथून ती निघते, म्हणून तिचं टोक शोधायचं. दुसरी सैल: गोलसर, जाड, झोळासारखी. कापड जिथे जास्त झालंय किंवा ज्याला आधार नाही तिथे ती पडते. आडवा झोळ म्हणजे उंचीत कापड जास्त, उभा झोळ म्हणजे रुंदीत जास्त. तिरपा झोळ असेल तर बहुतेकदा माप बरोबर असतं, पण अंगाचा उतार आणि कापडाचा उतार जुळलेला नसतो. इस्त्रीची चुणी यापैकी कशातच बसत नाही. ती कुठेही मधेच सुरू होते आणि मधेच संपते, तिला उगम नसतो. टेलरचं "इस्त्रीने जाईल" हे फक्त तिच्यापुरतं खरं.

तुम्ही सांगताय त्या सुरकुत्या तिरप्या आहेत आणि काखेपाशी आहेत. फोटो मोठा करून बघा: त्या मऊ आहेत की ताठ? मानेजवळून निघून काखेखाली उतरणाऱ्या, मऊ आणि फक्त एकाच बाजूला असतील, आणि त्याच बाजूची कड खाली असेल, तर तो खांदा दुसऱ्यापेक्षा उतरता आहे. कोट दोन्ही खांदे सारखे धरून कापलेला असतो. खाली असलेल्या खांद्यावर त्याला टेकायला जागा मिळत नाही, तो तिथे खचतो आणि खचलेलं कापड काखेखाली गोळा होतं. त्या बाजूची बाहीही थोडी लांब वाटते. मनगटापाशी शर्टाचा कफ एका हाताला अर्धा इंच दिसत असेल आणि दुसऱ्याला अजिबात नाही, तर ही तिसरी साक्ष झाली. बऱ्याच जणांचा एक खांदा असा थोडा खाली असतो, साध्या शर्टात तो लक्षातही येत नाही.

दोन्ही बाजूंना सारखेच तिरपे झोळ असते, तर दोन्ही खांदे उतरते म्हटलं असतं. उलट, खांद्याच्या टोकांतून निघून मानेकडे जाणाऱ्या ताठ रेघा आणि पाठीवर कॉलरखाली आडवी वळकटी असती, तर खांदे कोटापेक्षा चौकोनी. ही आडवी वळकटी समोरच्या फोटोत दिसत नाही, म्हणून पाठीचा फोटो लागतोच.

पण खांद्यावर शिक्का मारण्याआधी पाय बघा. माणूस एका पायावर भार देऊन उभा राहिला की त्या बाजूचं कंबरेचं हाड वर येतं आणि बहुधा त्याच बाजूचा खांदा खाली झुकतो. मित्र फोटो काढत असताना गप्पा मारत, आरामात उभं राहणं फार सहज घडतं. पट्टा आडवा आहे का, दोन्ही गुडघे सरळ आहेत का, दोन्ही पँटच्या मोहऱ्या बुटावर सारख्याच टेकतात का, ते बघा. एका पायाला गुडघ्यामागे जास्त चुण्या असतील तर तो पाय सैल सोडलेला आहे आणि हा फोटोही बाद.

म्हणून तिसरा फोटो मागवा. खिसे रिकामे. पाकीट आणि फोन कोटाच्या आतल्या खिशात ठेवून ट्रायल देणारे खूप, आणि मग एक बाजू उतरली म्हणून टेलरशी भांडणारेही खूप. पावलं वीतभर अंतरावर, दोन्ही पायांवर सारखा भार, हात सैल सोडलेले, नजर समोर. छाती फुगवायची नाही, पोट आत ओढायचं नाही, कारण कोट ज्याला घालायचाय त्याचा फोटो हवाय. दोन बटणांचा कोट असेल तर वरचं बटण लावायचं, खालचं उघडं. आत समारंभाचाच शर्ट आणि पायात तेच बूट. उजेड एका बाजूने, खिडकीतून यावा. समोरून फ्लॅश मारला की गडद कापडावरचे सगळे झोळ गायब होतात आणि वाईट कोटही गुळगुळीत दिसतो. काळ्या सुटाला तर खिडकीशिवाय पर्यायच नाही.

कड अजूनही खिशाच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे भावाच्या उजवीकडे, खाली असेल, तर एक साधी चाचणी करा. सुती रुमालाची चार पदरी घडी करायची आणि कोटाच्या आत, शर्टावर, उजव्या खांद्याच्या बाहेरच्या अर्ध्या भागावर ठेवायची. मानेपर्यंत न्यायची नाही. पुन्हा तसाच फोटो. काखेखालचा झोळ गेला, कड समतल झाली, बाही वर आली, तर निदान पक्कं. मग टेलरला "सुरकुत्या काढा" एवढंच सांगण्यापेक्षा सरळ सांगता येईल: "खिशाच्या विरुद्ध बाजूच्या खांद्याचा पॅड एवढ्या जाडीने भरा." तयार होत आलेल्या कोटात हे होतं, अस्तर थोडं उसवून पॅडला एक थर जोडायचा. दुसरा रस्ता म्हणजे खांद्याची शिवण त्या बाजूला उचलून कापड कमी करणं. पण मग मुंढाही त्याबरोबर खोल करून बाही पुन्हा लावावी लागते, म्हणून पाव इंचासारख्या फरकासाठी मी पॅडच सुचवेन. रुमाल ठेवून काहीच बदललं नाही आणि रेघा ताठच राहिल्या, तर दोष खांद्याचा नाही. मुंढा किंवा छाती आवळ आहे. तिथे शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, किती सोडलीय यावर सगळं अवलंबून, आणि माया फोटोत दिसत नाही, ती टेलरलाच विचारावी लागते.

बटणाच्या जागी फुलीसारख्या रेघा येतात त्याबद्दलही लोक फार घाबरतात. बटणाभोवती दोन-तीन बोटांपुरती हलकी फुली असेल तर ती कोटाला आकार असल्याची खूण आहे. रेघा खिशांपर्यंत पोचल्या आणि लेपल, म्हणजे कॉलरखालचे छातीवर दुमडलेले भाग, फुगून वर उठले, तर कोट आवळ. बटणाखाली कोटाची दोन टोकं पाहणंही उपयोगाचं. ती नको इतकी फाकत असतील तर माणूस ताठ उभा राहणारा आहे आणि कोटाची पुढची बाजू त्याला आखूड पडते. एकमेकांवर चढत असतील तर पाठ किंचित वाकलेली आहे, पाठीला कापड कमी पडतंय आणि मानेमागे कॉलर शर्टापासून सुटत असेल. हे शेवटचं बाजूच्या फोटोतच धड कळतं. तिथे बोटभरही फट दिसली तर ट्रायलवर सही करू नका. हे काम सूट घरी आल्यावर होण्यासारखं नसतं. खांद्याची रुंदीही त्यातलीच. शिवण खांद्याच्या हाडाच्या पुढे लोंबत असेल आणि बाहीच्या वरच्या टोकाला खळगा पडत असेल, तर खांदा मोठा कापला गेलाय. तो नंतर लहान करणं म्हणजे जवळजवळ नवा कोट शिवणं. पँटच्या बाबतीत एवढंच बघा: बाजूचे खिसे उभ्या-उभ्या तोंड उघडत असतील तर नितंबाला आवळ आहे.

आता वडिलांचा कुर्ता. तिथे एक फसवणूक नेहमी होते. फोटोत पोटावर, कंबरेच्या जरा वर, आडव्या वळकट्या दिसतात आणि घरचे म्हणतात, "कुर्ता लांब झालाय, आखूड करा." वळकट्या वर असल्या तरी कारण खाली असतं. कुर्ता नितंबापाशी आवळ आहे, म्हणून तो खाली घसरत नाही, तिथेच अडकतो आणि वरचं कापड गोळा होतं. खात्री करायला बाजूचे कट बघा. माणूस स्थिर उभा असताना कट बंद राहून कडा सरळ पडायला हव्यात. ते उलट्या व्हीसारखे फाकले असतील तर घेर कमी आहे. आखूड केल्याने वळकट्या जात नाहीत, फक्त आखूड कुर्ता हाती येतो. बाजूची माया सोडून नितंबाला रुंदी द्यायची, किंवा माया नसेल तर कट इंच-दोन इंच वरून सुरू करायचा, म्हणजे कुर्ता अडकायचा थांबतो. पोट पुढे असलेल्या माणसाला पुढची कड मागच्यापेक्षा वर दिसते. तो शिवणीचा दोष नाही, पुढच्या भागाला उंची जास्त द्यायला हवी होती. हे बाजूच्या फोटोत एका नजरेत कळतं.

साडीचं शास्त्र थोडं वेगळं, कारण तिला माप असं नसतं, ती दोन जागांवरून लोंबते: कंबरेवरून आणि खांद्यावरून. त्यामुळे कापड कुठे कमी पडलं हे शोधत बसण्यापेक्षा ते कुठे अडकवलंय हे बघायचं. पूर्ण फोटोत आधी खालचा काठ बघा. तो जमिनीला समांतर हवा, पावलांवर टेकलेला. एका बाजूला वर चढत असेल तर पहिला फेरा खोचताना वर-खाली झालाय, किंवा परकराची नाडी एका बाजूला खाली आहे. चपला किंवा सँडल त्या दिवशीच्याच घालून नेसा. सपाट चपलेवर नेसून नंतर टाचेची सँडल घातली की काठ दोन इंच वर जातो आणि परकर डोकावतो.

मग निऱ्या. त्या कंबरेपासून सरळ खाली याव्यात. खाली पंख्यासारख्या फाकत असतील किंवा एका बाजूला कलत असतील, तर घड्या बरोबर असूनही वरची टोकं एका पातळीत खोचलेली नाहीत. निऱ्यांचा गठ्ठा धरून वरची कड समतल करून पुन्हा खोचली की प्रश्न सुटतो, सगळी साडी सोडायची गरज नाही. कंबरेच्या हाडापासून निऱ्यांकडे ताठ तिरप्या रेघा येत असतील तर पदर घेताना साडी अंगाभोवती फार ओढली गेलीय. बोटभर सैल सोडा. खांद्यावरच्या पिनेपासून छातीवर उतरणाऱ्या मऊ चुण्या मात्र असायलाच हव्यात, तिथे ताठ रेघ दिसली तर पिन चुकीच्या जागी आहे. गुडघ्यांजवळ आडव्या रेघा दिसत असतील तर साडी सोडून परकराकडे बघा. तो अरुंद असेल तर पावलागणिक साडी पायात अडकते आणि फोटोत त्याचं चिन्ह दिसतं.

कापडाचा स्वभावही विचारात घ्या. ऑर्गन्झा किंवा खळ दिलेली सुती साडी अंगापासून सुटून उभी राहते, तिच्या निऱ्या पोटावर फुगतात. शिफॉन आणि जॉर्जेट चिकटून पडतात. एकीला दुसरीसारखं पडायला लावण्यात अर्थ नाही. कडक साडीला निऱ्या कमी आणि रुंद घ्या, मऊ साडीला बारीक. नऊवारीला हे सगळं असंच्या असं लावू नका. तिथे परकर नाही, कापड पायांमधून मागे जातं, त्यामुळे तिरप्या रेघा तिच्या नेसणीचाच भाग असतात.

ब्लाउज मात्र पुन्हा मापाचाच विषय, आणि तो कोटाच्याच नियमाने वाचायचा. छातीच्या टोकापासून मुंढ्याकडे ताठ रेघा गेल्या तर छातीला कापड कमी. मुंढ्याच्या पुढच्या बाजूला मऊ झोळ उभा राहिला तर तिथे कापड जास्त आहे. शिंपीण तो चिमटीत धरून टकमध्ये घेऊ शकते. ब्लाउजची खालची कड समोर वर उचललेली असेल तर छातीवरून जाताना उंची कमी पडलीय. एक गोष्ट कुठल्याच उभ्या फोटोत कळत नाही, ती म्हणजे हात वर केल्यावर ब्लाउज किती वर सरकतो आणि बसल्यावर कोटाचं बटण किती ओढतं. त्यासाठी दोन फोटो जास्त काढा: एक हात जोडून नमस्कार करताना आणि एक खुर्चीत बसून.